रात्रीची क्वार्टर आणि पहाटेची धडधड

स. न. वि. वि.

मी 41 वर्षांचा असून एका बँकेत अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी बदली झाली. कुटुंब साताऱ्यात आहे आणि मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहतो. वसुलीचा आणि टार्गेटचा ताण सोसेना, म्हणून रात्री दोन पेग घेऊ लागलो. गेले वर्षभर रोज व्हिस्कीची एक क्वार्टर लागते. ती घेतली की मन शांत होते, झोप लागते. परंतु पहाटे साडेतीनच्या सुमारास छातीत धडधडून जाग येते, नको नको ते विचार येतात आणि दिवसभर कशातच मन लागत नाही. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅमची 10 मिलिग्रॅमची गोळी दिली. दारूचे मी त्यांना सांगितले नाही. गोळीचा उपयोग दिसत नाही. श्रावणात दारू एकदम बंद केली, तेव्हा हात थरथरू लागले, घाम सुटला, तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या रात्री पुन्हा घेतली. माझा मूळ आजार चिंतेचा आहे आणि दारूमुळेच मी कसाबसा उभा आहे, असे मला वाटते. गोळीचा डोस वाढवून घ्यावा का?

— एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. डोस वाढवण्याचा निर्णय आज घेऊ नये. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. आणि हे उत्तर वाचून आज रात्रीपासून, त्या खोलीत एकट्याने, दारू एकदम तोडू नये. हे तिसरे सांगणे तुम्हाला विचित्र वाटेल, पण श्रावणातल्या ज्या तीन रात्रींचे वर्णन तुम्ही केले आहे त्या रात्रींमुळेच मला ते आग्रहाने सांगावे लागत आहे.

त्याआधी एक गोष्ट विचारतो आणि ती आडवळणाने विचारत नाही. पहाटेच्या त्या विचारांमध्ये मरणाचा, स्वतःला संपवण्याचा विचार असतो का? असेल, तर पुढचे सगळे बाजूला ठेवा आणि आजच पत्नीला किंवा जवळच्या एखाद्या माणसाला तसे स्पष्ट शब्दांत सांगा. त्या रात्री एकटे राहू नका. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. दारूच्या अमलाखाली माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि एरवी नुसताच येऊन जाणारा विचार कृतीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून अशा मनःस्थितीत त्या रात्रीपुरता तरी पेला हातात न घेणे फार महत्त्वाचे असते.

आता त्या साडेतीनच्या जागेकडे वळू, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत बोलका तपशील तोच आहे. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलीटर. आपल्याकडच्या व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल असते, म्हणजे एका क्वार्टरमध्ये वजनाने साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल जाळू शकते. हा वेग ताक पिऊन, लिंबू चोखून किंवा गार पाण्याने आंघोळ करून वाढत नाही. तुम्ही साडेनऊला सुरुवात करता असे धरू. यकृताचा वेग ताशी सात ग्रॅम असेल, तर साडेतीनपर्यंत सुमारे 40 ग्रॅम जळून गेलेले असते आणि एक तृतीयांश उरलेले असते. वेग दहाचा असेल, तर साडेतीनच्या सुमारास सगळेच संपते. म्हणजे कोणत्याही हिशेबाने पाहिले, तरी तुमची झोप मोडते ती दारू अंगातून ओसरत असताना, चढलेली असताना नव्हे.

दारू ओसरताना मन शांत राहायला हवे, ते खवळते का, हे समजून घ्यायचे तर मेंदूच्या दोन विरुद्ध ओढींची थोडी माहिती हवी. गॅबा नावाचे रसायन मेंदूतील हालचाल मंद करते आणि ग्लुटामेट नावाचे रसायन ती वाढवते. आपण जागे, सावध आणि तरीही स्वस्थ असतो ते या दोन ओढी सारख्या असतात म्हणून. दारू गॅबाच्या बाजूने जोर लावते आणि ग्लुटामेटची बाजू ढिली करते, म्हणून पहिल्या पेगनंतर खांदे सैल पडतात आणि दिवसभराची काळजी लांब गेल्यासारखी वाटते. ही रस्सीखेच रोज रात्री एकाच बाजूला झुकू लागली, की मेंदू आपणहून दुसऱ्या बाजूला माणसे वाढवतो: गॅबाला मिळणारा प्रतिसाद कमी करतो आणि ग्लुटामेटचा वाढवतो. रोज पिणाऱ्याला पूर्वीचे दोन पेग पुरेनासे होतात आणि क्वार्टर लागू लागते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. पण रात्री उशिरा दारूचा जोर निघून जातो तेव्हा समोरच्या बाजूला वाढवलेली माणसे तशीच दोर ओढत उभी असतात. छातीतील धडधड, तळहाताला सुटलेला घाम, काही तरी वाईट घडणार आहे अशी निष्कारण खात्री आणि त्या खात्रीला धरून येणारे थकीत कर्जांचे, मुलांच्या फीचे, वरिष्ठांच्या फोनचे विचार ही सगळी त्या एकतर्फी ओढीची लक्षणे आहेत. विचारांचा विषय तुमच्या आयुष्यातून येतो, पण त्या घटकेला त्यांना जो भयंकर जोर येतो तो मुख्यतः दारू ओसरण्यातून येतो.

झोपेचेही असेच होते. दारूने झोप लवकर लागते यात शंका नाही आणि तुमचा अनुभव खरा आहे. परंतु तिच्यामुळे रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दडपली जाते, उत्तरार्धात ती उसळून येते आणि झोप वारंवार तुटते. तुम्ही सहा-सात तास अंथरुणात काढत असलात, तरी त्यातील मनाला विसावा देणारा भाग फार थोडा असतो. वर्षभर अशी झोप मिळालेल्या माणसाला सकाळी कशातच रस वाटत नाही, निर्णय घेता येत नाहीत, हाताखालच्या माणसावर उगाच ओरडले जाते आणि मग त्याचीही बोच लागते. त्यात आणखी एक भर पडते. रोज मोठ्या मात्रेने दारू घेतली जात असली, की साध्या गोष्टींतून मिळणाऱ्या आनंदाला मेंदू पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. रविवारी मुलीशी फोनवर बोलणे, चांगला चहा, टीव्हीवरचा क्रिकेटचा सामना या गोष्टी फिक्या पडतात आणि दिवसातील एकच घटका रंगीत उरते, ती म्हणजे रात्रीची. उदास माणसाला दारू का हवीशी वाटते हे सगळ्यांना दिसते; दारूने माणूस उदास कसा होतो हे मात्र इतक्या हळूहळू घडते, की ज्याच्या बाबतीत घडते त्याला ते स्वतःचा स्वभाव बदलल्यासारखे वाटते.

आता संध्याकाळ पाहा, कारण फसगत तिथे पक्की होते. सातच्या सुमारास बँकेतून निघताना जी चिडचिड, अस्वस्थता, अंगाची बारीक कापरी असते ती तुम्ही पूर्णपणे कामाच्या माथी मारत असणार. तिचा काही भाग कामाचा असेलही. पण त्या वेळेपर्यंत शेवटच्या घोटाला वीस तासांच्या आसपास झालेले असतात आणि मेंदू रात्रीच्या मात्रेची वाट पाहत असतो. पहिला पेग घेतल्यावर जो उतार पडतो तो बराचसा त्या वाट पाहण्याचा उतार असतो. कालच्या दारूने निर्माण केलेली अस्वस्थता आजची दारू मिटवते आणि श्रेय मात्र ‘ताण घालवल्याचे’ घेते. तुम्ही दारूमुळे उभे आहात असे तुम्हाला वाटते ते रोज मिळणाऱ्या या पुराव्यामुळे; आणि तो पुरावा इतका हातोहात मिळतो, की त्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही.

श्रावणातील प्रयोगाचा तुम्ही जो अर्थ लावलात तोही याच चुकीतून आला आहे. हात थरथरणे, घाम, झोपेचा पूर्ण अभाव यांवरून तुम्ही ठरवलेत, की दारूचे पांघरूण काढले आणि खालची खरी चिंता उघडी पडली. प्रत्यक्षात ती विड्रॉवलची, म्हणजे दारू थांबल्यावर शरीराने दिलेल्या झटक्याची, पुस्तकात शोभावीत इतकी ठळक लक्षणे होती. ती शेवटच्या पेयानंतर सहा-आठ तासांनी सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातात आणि गुंतागुंत झाली नाही तर पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत बरीच ओसरतात. तुम्ही चौथ्या रात्री पेला उचललात, म्हणजे चढण जवळजवळ संपल्यावर. दारूविना तुमचे मन कसे असते हे त्या तीन दिवसांत तुम्हाला कळलेच नाही. कळले ते एवढेच, की तुमच्या शरीराला दारूची सवय किती खोल लागली आहे.

तर मग तुम्हाला चिंतेचा किंवा नैराश्याचा स्वतंत्र आजार आहे की नाही? याचे प्रामाणिक उत्तर असे, की आज तुम्हाला, मला किंवा तुमच्या डॉक्टरांना ते खात्रीने सांगता येणार नाही, आणि ते सांगता येण्यासाठी सुमारे चार आठवडे दारूविना जावे लागतात. हा कालावधी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतील सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट या संशोधकांनी 1988 मध्ये दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या 191 पुरुषांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. दाखल होताना त्यांपैकी 42 टक्के पुरुषांमध्ये उपचार करावेत इतक्या तीव्रतेचे नैराश्य आढळले होते. चार आठवडे दारू न घेतल्यावर असे नैराश्य 6 टक्क्यांमध्येच उरले. हे सगळे पुरुष रुग्णालयात होते, त्यांना वेळेवर जेवण मिळत होते आणि कामाची कटकट नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. तुमच्या बाबतीत उतरण इतकी सरळ नसेल. तरीही जे नैराश्य आयुष्याचे दुखणे वाटते त्याचा केवढा वाटा दारूच्या खात्यावर असू शकतो, हे त्या आकड्यांवरून दिसते.

मात्र ते 6 टक्केही खरे होते. काही माणसांचे नैराश्य दारूच्या आधीचे असते आणि दारू सोडल्यावरही राहते. अशा माणसाला ‘आधी दारू सोड, मग बघू’ असे म्हणून महिनोन्महिने ताटकळत ठेवणे हा अन्याय आहे. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात याचा अंदाज घेण्यासाठी दोन गोष्टी आठवून कागदावर लिहा. पहिली, दारू रोजची होण्यापूर्वी, अगदी कॉलेजच्या किंवा नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतही, दोन आठवड्यांहून अधिक काळ असे मन मिटल्याचे, किंवा कारणाशिवाय धास्ती वाटत राहिल्याचे आठवते का? दुसरी, आई-वडील, भावंडे यांच्यापैकी कोणाला नैराश्याचा किंवा चिंतेचा त्रास, दारूशी संबंध नसताना, झाला आहे का? दोन्हींना ‘नाही’ असे उत्तर असेल, तर दारूचे पारडे जड आहे. एकाला जरी ‘हो’ असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. तुमचे मानसिक उपचार दारूच्या उपचारांबरोबरच चालवावे लागतील.

आणि आता डॉक्टर. दारूचे न सांगणारे तुम्ही एकटे नाही. बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाला विचारा, निम्मी गोष्ट घेऊन येणारी माणसे त्याला रोज भेटतात. पण त्या डॉक्टरांनी चिंता आणि उदासी पाहून गोळी लिहिली, ती रोज रात्री 60 ग्रॅम अल्कोहोल झेलणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. एस्सिटॅलोप्रॅम आठवड्या-आठवड्यांनी हळूहळू काम करते. दारू त्याच झोपेवर आणि त्याच मनःस्थितीवर रोज उलटा हात फिरवते. अशा वेळी 10 चे 20 मिलिग्रॅम केले, तर दुष्परिणाम वाढण्याची शक्यता असते आणि उपयोग दिसण्याची शक्यता फारशी वाढत नाही. आणखी एक धोका सांगून ठेवतो: पहाटेच्या धडधडीवर उपाय म्हणून मित्राच्या किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी दारूबरोबर घेऊ नका. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो, झोपेत श्वास मंदावतो आणि त्यात माणसे दगावतात.

डॉक्टरांकडे जाताना तोंडी सांगणे जड जात असेल, तर चिठ्ठी लिहून न्या आणि समोर ठेवा. तीत एवढे असावे: रोज 180 मिलिलीटर व्हिस्की, एक वर्षापासून, त्याआधी वर्षभर दोन पेग, श्रावणात बंद केल्यावर आलेली लक्षणे आणि ती किती दिवस टिकली, पूर्वी कधी आकडी आली होती का, सकाळी हात थरथरतात का आणि ते थांबवण्यासाठी सकाळी घ्यावी लागते का, मधुमेह, रक्तदाब, कावीळ यांचा इतिहास, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. डॉक्टर बहुधा यकृताच्या आणि थायरॉइडच्या रक्ततपासण्या सांगतील, कारण थायरॉइडच्या बिघाडातही धडधड होते आणि मन खाली येते. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, आणि टेली-मानसच्या त्याच क्रमांकावरून पुढे कोठे जावे हे विचारता येते.

दारू थांबवण्याचा पहिला आठवडा कोठे काढायचा, हा प्रश्न औषधांइतकाच महत्त्वाचा आहे. माझे स्पष्ट मत असे, की तुम्ही आठ-दहा दिवसांची रजा घ्यावी, साताऱ्याला जावे आणि तेथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी थांबावे. सकाळीही घ्यावी लागत असेल किंवा पूर्वी आकडी आली असेल तर घरीही नको, रुग्णालयात दाखल व्हावे. या आठवड्यात डॉक्टर सामान्यतः डायझेपाम किंवा क्लोर्डायझेपॉक्साइड या गटातील औषध देतात आणि त्याची मात्रा रोज उतरवत पाच ते सात दिवसांत ते बंद करतात. दारूने गेलेला जोर ते औषध तात्पुरता भरून काढते आणि मेंदूला ओढ पूर्ववत करायला वेळ देते. ते त्या आठवड्यापुरतेच असते. ‘बरे वाटते म्हणून’ पुढे चालू ठेवले, तर एका सवयीच्या जागी दुसरी बसते.

त्याबरोबर बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दिले जाते. दीर्घकाळ पिणाऱ्या आणि रात्री धड न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात ते कमी पडते आणि त्याची तीव्र कमतरता मेंदूला कायमची इजा करू शकते. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. थायमिन कमी असताना आधी ग्लुकोज गेले तर हीच इजा ओढवू शकते. म्हणून कोठेही सलाईन लावण्याची वेळ आली, तर ‘मी रोज दारू घेत होतो’ हे वाक्य सुई टोचण्याआधी उच्चारले गेले पाहिजे, तुमच्याकडून किंवा पत्नीकडून.

पत्नीला आणखी काही गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतील. आकडी येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या 48 तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तुम्ही असंबद्ध बोलू लागलात, आपण कोठे आहोत हे कळेनासे झाले, नसलेली माणसे किंवा किडे-मुंग्या दिसू लागल्या, अंग तापले, तर रात्र सरण्याची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालयात न्यायचे. ही स्थिती तुमच्या प्रमाणात पिणाऱ्यांमध्ये नेहमी येते असे नाही. पण आली तर ती जिवावर बेतते आणि वेळेवर उपचार मिळाले तर माणूस त्यातून सुखरूप बाहेर पडतो. डॉक्टरांची भेट मिळायला आठवडा लागणार असेल, तर तोपर्यंत मोजून घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी 30 मिलिलीटर कमी करा; अंदाजाने ओतू नका. कमी करताना थरथर किंवा घाम वाढला, तर त्या टप्प्यावर थांबा आणि भेट लवकर मिळवा.

पहिला आठवडा सरल्यावर शरीर शांत होईल, पण झोप लगेच ताळ्यावर येणार नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. दोन-तीन आठवडे, काहींना त्याहून अधिक काळ, झोप उशिरा लागते आणि स्वप्ने फार पडतात. बहुतेक माणसे याच टप्प्यावर ‘झोपेपुरता एक’ म्हणून परत वळतात. झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून मंद दिव्यात बसा आणि पेंग आली की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा. दुसरा कठीण टप्पा रजा संपल्यावर, त्या रिकाम्या खोलीत संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळेत येईल. पिण्याची तीव्र इच्छा उठते, टोकाला जाते आणि बहुधा अर्ध्या तासात उतरते; त्या अर्ध्या तासात पोट रिकामे नसावे आणि खोलीत बाटली नसावी. बँकेतून निघाल्यावर सरळ खानावळीत जाऊन आठच्या आत जेवून घेणे हा उपाय ऐकायला किरकोळ वाटेल, परंतु भरल्या पोटी पहिल्या पेगची ओढ किती कमी होते हे अनेकांनी मला सांगितले आहे.

या काळात कोणाशी तरी नियमित बोलणे लागते आणि त्यासाठी फार मोठा तज्ज्ञच हवा असे नाही. गोव्यात संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी चार बैठकांपर्यंतचे समुपदेशन योजले. समुपदेशन करणारे लोक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, त्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले होते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतर, मागील 14 दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात 42 टक्के होते आणि न मिळालेल्या गटात 18 टक्के. तो अभ्यास तुमच्यापेक्षा बहुधा कमी अवलंबित असलेल्या माणसांवर होता, म्हणून तो तुमच्या पहिल्या आठवड्याच्या वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही; पण नंतरच्या महिन्यांबद्दल तो बरेच सांगतो. त्या बैठकांत उपदेश नसतो. पिण्याने नेमके काय होत आहे हे त्या माणसाच्याच दिनक्रमातून मांडले जाते, कोणत्या वेळी आणि कोणत्या भावनेने हात बाटलीकडे जातो हे शोधले जाते आणि त्या वेळेसाठी दुसरे काय करायचे याचा सराव होतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी मराठीतून भरतात, त्यांना शुल्क नसते आणि तेथे नाव विचारले जात नाही. बदलीच्या गावात ओळखीपाळखीची भीती वाटत असेल, तर शेजारच्या तालुक्यातील सभेला जा.

वसुलीचा ताण या सगळ्याने नाहीसा होणार नाही. बदलीचा अर्ज करायचा का, वरिष्ठांशी कामाच्या वाटणीविषयी बोलायचे का, हे प्रश्न तसेच उभे राहतील आणि त्यांविषयी तुम्ही पुन्हा लिहावे अशी माझी इच्छा आहे. पण ते प्रश्न पहाटे साडेतीनला सोडवू नका आणि या महिन्यात राजीनाम्यासारखा कोणताही मोठा निर्णय घेऊ नका.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. रोज रात्री तीत तीनच नोंदी करा: पहाटे किती वाजता जाग आली, त्या वेळची धास्ती शून्य ते दहामध्ये किती होती आणि दिवसात एखादी गोष्ट मनापासून आवडली का. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत एस्सिटॅलोप्रॅम, डॉक्टरांनी दुसरे काही सांगितले नसेल तर, आहे त्याच मात्रेने चालू ठेवा. धास्तीचे आकडे उतरले असतील, तर ती गोळी किती काळ चालवायची आणि नंतर हळूहळू कशी उतरवायची याविषयी बोलणे होईल. आकडे जागेवरच असतील, दारू नसतानाही मन मिटलेलेच असेल, तर तुमचा स्वतंत्र आजार त्या दिवशी प्रथमच स्पष्ट दिसत असेल. मग डोस वाढवायचा, औषध बदलायचे की त्याला मानसोपचारांची जोड द्यायची, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.